हिरवा शेंबूड आला की अँटिबायोटिक द्यायलाच हवं का? मुलगी ४ वर्षांची, सर्दीचा पाचवा दिवस

मुग्धा_कोथरूड

नमस्कार मंडळी. लेक ४ वर्षांची आहे, रविवारपासून सर्दी. पहिल्या दिवशी नुसतं पाणी वाहत होतं आणि शिंका, संध्याकाळी ताप १००.४, सोमवारी १०१ पर्यंत गेला, दोनदा पॅरासिटामॉल दिलं. मंगळवारपासून ताप नाही पण शेंबूड घट्ट पांढरा झाला, बुधवारी पिवळा, आणि आज गुरुवारी सकाळी उठली तर सरळ हिरवा, नाकपुडीच्या कडेला वाळून चिकटलेला. दुपारपर्यंत परत पिवळट झाला. खेळतेय, जेवण थोडं कमी आहे पण दूध-पाणी व्यवस्थित, रात्री नाक चोंदतं म्हणून तोंड उघडं ठेवून झोपते आणि पहाटे खोकते.

बालवाडीतल्या ताई म्हणाल्या हिरवं आहे म्हणजे इन्फेक्शन, औषध सुरू करा आणि मगच पाठवा. कोपऱ्यावरच्या केमिस्टला विचारलं तर त्याने वय विचारलं आणि लगेच ॲझिथ्रोमायसिनचं सिरप काढून ठेवलं, तीन दिवस द्या म्हणाला. मी घेतलं नाही. आमच्या डॉक्टरांची वेळ उद्या संध्याकाळची मिळालीय. सासूबाई म्हणतात सर्दी पिकली, आता उतरेल. मला नक्की हे समजून घ्यायचंय की या रंगावरून काय कळतं आणि काय कळत नाही. कोणाला माहिती असेल तर जरा सविस्तर सांगा.

रवी_जळगाव

मुग्धाताई, हिरवं म्हणजे पू. पू कुठे होतो, जिथे जंतू असतात तिथे. जखमेत पिवळा-हिरवा पू झाला तर आपण मलम लावतोच ना, मग नाकाला वेगळा न्याय का? पाणी वाहतं तेव्हा व्हायरस, आणि पुढे हिरवं झालं की त्यावर बॅक्टेरिया बसले असं आमच्या फॅमिली डॉक्टरांनी वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि माझा अनुभवही तोच आहे, मला दरवर्षी डिसेंबरात होतं, हिरवं आलं की गोळ्या सुरू करतो आणि दोन-तीन दिवसांत मोकळं. लहान मूल आहे, थांबू नका असं माझं मत.

सांगलीकर_लॅब

मी गेली बरीच वर्षं मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये काम करतो त्यामुळे रंगाचं तेवढं सांगू शकतो, औषधाचं डॉक्टर लोकांनी बघावं.

रवीदादांचं अर्धं बरोबर आहे. हिरव्या शेंबडात आणि पुवात जे सारखं असतं ते म्हणजे आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल नावाच्या. त्या पेशींच्या आत बारीक दाणे असतात आणि त्या दाण्यांत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम ठासून भरलेलं असतं. हे एन्झाइम मुळातच हिरव्या रंगाचं आहे कारण त्यात लोह असलेला हीम गट असतो. पेशी कमी असल्या तर शेंबूड पांढुरका, वाढल्या की पिवळा, खूप साचल्या आणि फुटून ते एन्झाइम बाहेर आलं की हिरवा. म्हणजे तुम्हाला दिसतो तो रंग जंतूचा नाही, आपल्याच पेशींचा आहे.

आता मुद्दा असा की या पेशी बोलावल्या कोणी. साध्या सर्दीच्या व्हायरसने नाकाच्या आतल्या अस्तराला त्रास दिला की ते अस्तर स्वतःच रसायनं सोडतं आणि न्यूट्रोफिल गोळा होतात. त्यांना यायला बॅक्टेरिया लागत नाहीत, व्हायरस पुरतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग बदलणं हा साध्या सर्दीचाच ठरलेला प्रवास आहे. आणि सकाळी जास्त हिरवा का, तर रात्रभर तो नाकात एकाच जागी पडून राहतो, पाणी उडून घट्ट होतो, पेशी फुटत राहतात. दिवसा मूल पळतं, नाक वाहतं, शिंकरलं जातं, त्यामुळे पातळ होऊन फिका दिसतो. ताईंनी लिहिलंय तसंच.

अजून एक, लोक नाकातला स्वॅब घेऊन येतात कल्चरला की बघा कुठला जंतू आहे. लहान मुलांच्या नाकाच्या मागच्या बाजूला न्यूमोकॉकस, हिमोफिलस, मोराक्सेला हे एरवीही राहतात, मूल ठणठणीत असतानासुद्धा. त्यामुळे कल्चर पॉझिटिव्ह येतं, रिपोर्टवर नाव छापून येतं आणि घरचे घाबरतात. सायनसच्या आत काय चाललंय ते त्या स्वॅबवरून कळत नाही.

रवी_जळगाव

एन्झाइमचं पटलं, हे माहीत नव्हतं. पण मग मला गोळ्यांनी दोन दिवसांत बरं वाटतं ते कसं?

कानघसा_नाशिक

मी नाक-कान-घशाचा डॉक्टर आहे. इथे कोणाचं निदान करणार नाही, मुग्धाताई उद्या दाखवणार आहेत ते योग्यच आहे, पण विचार कसा करतात ते लिहितो.

रवीदादा, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. सर्दीचा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, मग हळूहळू उतरतो, आणि ७ ते १० दिवसांत बहुतेकांची आटोपते, खोकला मात्र कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. हिरवा रंग दिसतो चौथ्या-पाचव्या दिवशी. तेव्हा माणूस कंटाळतो, गोळी घेतो, आणि सहाव्या-सातव्या दिवशी बरं वाटतं. ते तसंही सहाव्या-सातव्या दिवशी वाटणारच होतं. गोळी आणि उतार एकाच वेळी आले की श्रेय गोळीला जातं, हे डॉक्टरांच्या बाबतीतही होतं, पेशंट परत येऊन सांगतो तुमच्या औषधाने बरं वाटलं आणि आम्हीही तेच लिहीत राहतो.

म्हणून सर्दी आणि बॅक्टेरियाचं सायनुसायटिस यांत फरक करताना आम्ही रंग विचारतो पण त्यावर थांबत नाही, तारखा विचारतो. तीन गोष्टी बघतो.

एक, दहा दिवस उलटून गेले आणि काहीच उतार नाही. इथे उतार नाही हे शब्द धरून ठेवा. दहाव्या दिवशी नाक अजून थोडं वाहतंय पण पाचव्या दिवसापेक्षा पुष्कळ बरं आहे, तर ते यात बसत नाही.

दोन, सुरुवातीपासूनच जोरात. ताप ३९ सेल्सिअस म्हणजे १०२.२ किंवा वर, आणि त्याच्याबरोबरच घट्ट रंगीत शेंबूड किंवा चेहऱ्यात दुखणं, हे सलग तीन-चार दिवस. साध्या सर्दीत ताप आला तर पहिल्या एक-दोन दिवसांत येतो आणि जातो, रंग नंतर येतो. दोन्ही एकत्र टिकून राहिले तर आम्ही सावध होतो.

तीन, बरं वाटत होतं आणि पाच-सहा दिवसांनी परत बिघडलं. नव्याने ताप, डोकं किंवा चेहरा दुखणं, नाक अचानक वाढणं.

मोठ्या माणसांत सर्दीचं खरोखर बॅक्टेरियाच्या सायनुसायटिसमध्ये रूपांतर होण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आहे, मुलांत थोडं जास्त. आणि हिरवा शेंबूड तर जवळजवळ प्रत्येक सर्दीत एखाद-दोन दिवस दिसतो. रंगाला अजिबात अर्थ नाही असं मी म्हणत नाही, रंगीत असेल तर शक्यता थोडी वाढते. पण फक्त त्यावर औषध लिहिलं तर बहुतेक वेळा व्हायरसलाच अँटिबायोटिक दिलं जातं.

तुमच्या लेकीचा तुम्ही लिहिलेला क्रम बघा. ताप पहिले दोन दिवस, मग गेला. रंग ताप गेल्यावर आला. आज पाचवा दिवस, खेळतेय, पितेय. वरच्या तिन्हींपैकी एकातही आज ती बसत नाही.

शुभदा_ठाणे

माझंही असंच आहे, मला वर्षभर हिरवट-पिवळा येतो, फक्त उजव्या बाजूने, आणि घाण वास येतो, तो मलाच येतो, आधी वाटायचं घरात काहीतरी सडलंय. तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, तेवढ्यापुरतं थांबतं. मग मी पण काही न घेता थांबायचं का?

कानघसा_नाशिक

शुभदाताई, तुमचं वेगळं आहे आणि तुम्ही थांबू नका. सर्दी दोन्ही नाकपुड्यांत असते. महिनोन्महिने एकाच बाजूने, त्यात वास, म्हणजे त्या बाजूला काहीतरी कारण बसलेलं असतं. वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसच्या तळाला अगदी लागून असतात, कधी कधी आतच डोकावतात. त्या बाजूला जुनं रूट कॅनल, किडलेली दाढ किंवा इम्प्लांट आहे का? फंगसचा गोळा असू शकतो, गाठही असू शकते. दुर्बिणीने नाक बघून घ्या, सीटी स्कॅन करा आणि दातांच्या डॉक्टरांना वरची उजवी बाजू दाखवा. अजून एक कोर्स घेऊन हे सुटणार नाही.

लहान मुलांत एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव आला तर आधी विचार करायचा की मुलाने काही कोंबलंय का. हरभरा, मणी, स्पंजचा तुकडा असं काहीही निघतं. बटनासारखा सेल असण्याची शंका असेल तर त्याच तासाला हॉस्पिटल, तो काही तासांत आतला पडदा जाळतो.

शुभदा_ठाणे

उजवीकडे वर रूट कॅनल झालंय, ८-९ वर्षं झाली असतील. कोणीच विचारलं नव्हतं. या आठवड्यात वेळ घेते.

जगताप_सर_सातारा

धागा चांगला आहे पण एक गोष्ट जुळत नाही. माझ्या वडिलांना सीओपीडी म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे, वय ७४, जन्मभर विडी ओढली. त्यांच्या छातीच्या डॉक्टरांनी स्वतः सांगून ठेवलंय की बेडक्याचा रंग पांढऱ्याचा हिरवा झाला, बेडका वाढला आणि दम वाढला की लगेच फोन करा, आणि ते अँटिबायोटिक देतात. मग हिरव्याला अर्थ नाही असं कसं म्हणता?

कानघसा_नाशिक

सर, ते नाकाचं नाही, छातीचं आहे, आणि तेही आधीच खराब झालेल्या फुफ्फुसांचं. सीओपीडीमध्ये बेडक्याचा रंग बदलणं, बेडका वाढणं आणि दम वाढणं हे एकत्र आलं तर बॅक्टेरियाची शक्यता बरीच वाढते म्हणून तिथे तो नियम आहे. वडिलांच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते तसंच पाळा. इथली चर्चा बघून त्यांचं औषध लांबवू नका. धडधाकट माणसाच्या नाकाला तो नियम लागत नाही एवढंच.

उत्रेख्तकर

नेदरलँड्समधून. इथे हाउसआर्ट्स म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, त्याच्याकडे मुलाला हिरव्या नाकासाठी नेलं तर बहुतेक वेळा मिठाच्या पाण्याचे थेंब, पॅरासिटामॉल आणि काय झालं तर परत या एवढंच मिळतं. चिठ्ठीशिवाय केमिस्ट अँटिबायोटिक देतच नाही. सुरुवातीला आम्ही दोघं फार अस्वस्थ झालो होतो, भारतातून येताना बरोबर आणलेली स्ट्रिप कपाटात होती, आईचा रोज फोन की दे. पण इथल्या डॉक्टरने एक गोष्ट नीट केली, परत कधी यायचं ते लिहून दिलं. अमुक ताप, डोळ्याला सूज, पाणी पीत नाही, लघवी कमी, खूप मलूल. तो कागद फ्रिजवर लावला आणि मग थांबणं जमलं. आपल्याकडे नुसतं "काही नाही, होईल बरं" म्हणून पाठवतात तेव्हा आईबाप केमिस्टकडे जाणारच.

मिलिंद_कोल्हापूर

थांबण्याबद्दल सगळं वाचलं, दुसरी बाजूही लिहितो म्हणजे कोणी फारच थांबणार नाही. मागच्या पावसाळ्यात मला सर्दी झाली, पाचव्या दिवशी जवळजवळ बरा होतो, ऑफिसला गेलो. सातव्या दिवशी थंडी वाजून ताप १०२.५, डावा गाल आतून ठणकतोय, खाली वाकलं की चेहरा जड, आणि वरच्या डाव्या दाढा सगळ्याच दुखतायत, मला वाटलं दातच आहे. शेंबूड त्यावेळी पहिल्या वेळेपेक्षा काही फार वेगळा नव्हता, पिवळाच होता. डॉक्टरांनी तारखा विचारल्या, दात ठोकून बघितले, एकच दाढ नाही सगळ्या दुखतायत म्हणाले, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट दिलं. दुसऱ्या दिवशी रात्री ताप गेला, तिसऱ्या दिवशी गाल हलका. एक्स-रे काढला नाही, मी दोनदा म्हटलं तरी.

रवी_जळगाव

माझा तर दरवेळी एक्स-रे काढतात, सायनस धुरकट दिसतात म्हणून गोळ्या सुरू होतात. मिलिंदभाऊंचा काढलाच नाही हे कसं?

कानघसा_नाशिक

कारण साध्या सर्दीतसुद्धा सायनस धुरकट दिसतात. १९९४ साली अमेरिकेत ताज्या सर्दीच्या ३१ मोठ्या माणसांचे सीटी स्कॅन काढले होते, ८७ टक्के लोकांच्या गालाच्या सायनसमध्ये काही ना काही भरलेलं दिसलं. त्यातल्या काहींचे स्कॅन दोन आठवड्यांनी परत काढले तेव्हा अँटिबायोटिक न देताही बहुतेकांचं साफ झालं होतं किंवा पुष्कळ सुधारलं होतं. सर्दी म्हणजे नुसतं नाक नाही, नाक आणि सायनस दोन्ही सुजतात. म्हणून चित्रावरून व्हायरस की बॅक्टेरिया हे वेगळं करता येत नाही. मिलिंदभाऊंच्या डॉक्टरांनी तारखांवरून ठरवलं ते बरोबर.

आणि मोठ्या माणसांत डॉक्टरांनी सायनुसायटिस म्हटल्यावरसुद्धा अँटिबायोटिकचा फायदा लोकांना वाटतो तेवढा नाही. सगळे अभ्यास एकत्र करून बघितलं तर अँटिबायोटिक न घेताही साधारण निम्मे लोक आठवड्याभरात बरे होतात, आणि घेतल्याने शंभरात ५ ते ११ जण जास्त लवकर बरे होतात, तर जुलाब, उलट्या, पुरळ असे त्रास शंभरात १३ जणांना जास्त होतात. म्हणून तब्येत फार बिघडलेली नसेल तर काही दिवस वाट बघून मग ठरवणं हाही मान्य मार्ग आहे.

केमिस्टच्या ॲझिथ्रोमायसिनचं वेगळं सांगतो. खरंच बॅक्टेरियाचं सायनुसायटिस असेल तरी ते पहिल्या पसंतीचं औषध नाही, कारण न्यूमोकॉकस त्याला फार ठिकाणी दाद देत नाही. म्हणजे सर्दी असेल तर उपयोग नाही आणि सायनस असेल तर भरवसा नाही. ते तीन दिवसांत संपतं म्हणून सोयीचं वाटतं आणि म्हणून सगळ्यात आधी काउंटरवर येतं. २०२३ च्या मार्चमध्ये फ्लूची साथ होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने याच दोन औषधांचं, ॲझिथ्रोमायसिन आणि ॲमॉक्सिक्लॅव्हचं, नाव घेऊन सांगितलं होतं की लोक ती उगाच घेतायत आणि बरं वाटलं की मधेच सोडतायत. कायद्याने दोन्हीला चिठ्ठी लागते.

वसुधाआजी

मुग्धा बाळा, आमच्या वेळी सर्दी पिकली की हायसं वाटायचं, दोन दिवसांत पोर मोकळं होणार म्हणून. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेकायचे आणि वाफ द्यायचे. तू वाफ देतेस का? पातेल्यावर टॉवेल घेऊन पाच मिनिटं बसव तिला.

बालरोग_सोलापूर

मी मुलांचा डॉक्टर. आजी, शेकायचं असेल तर कपडा आधी आपल्या मनगटाला लावून बघून, पण चार वर्षांच्या मुलाला उकळत्या पातेल्याजवळ नको. थंडीच्या दिवसांत मांड्यांवर, पोटावर पाणी सांडलेली मुलं दरवर्षी येतात. वाफेने सर्दीचे दिवस कमी होत नाहीत, आणि भाजलं तर महिनाभराचं दुखणं.

मुग्धाताई, खरा उपयोग मिठाच्या पाण्याचा होतो. मेडिकलमध्ये सलाइनचे थेंब मिळतात, प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, एक मिनिट थांबायचं मग शिंकरायला लावायचं, एका वेळी एक नाकपुडी, हळू. झोपायच्या आधी आणि सकाळी उठल्यावर. त्या वाळलेल्या हिरव्या खपल्याही याने सुटतात. वर्षाच्या वरच्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध खोकल्यासाठी चालतो. नाक मोकळं करणारे ऑक्सीमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब मोठ्यांचे असतात ते घरात पडलेत म्हणून घालू नका, आणि मोठ्यांनीही तीन ते पाच दिवसांच्या वर घालू नयेत, सोडले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. सर्दीच्या सिरपांमध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असतात, ते चार वर्षांखालच्यांना द्यायचं नाही असं भारत सरकारच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलंय, आणि चारच्या वर तरी फारसं काही मिळत नाही त्यातून.

मोठ्यांपैकी कोणी जलनेती करत असेल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या. थेट नळाचं किंवा बोअरचं पाणी नाकात घालायचं नाही, ते पिऊन पचतं म्हणून नाकालाही चालेल असं नाही, नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकातूनच मेंदूकडे जातो. फार दुर्मिळ आहे पण झालं तर माणूस वाचणं अवघड.

प्राची_नागपूर

डोळ्याच्या सुजेचं वर कोणीतरी लिहिलंय त्यावर जोर देते. माझ्या भाच्याला, वय ६, सर्दीच्या आठव्या दिवशी सकाळी डाव्या डोळ्याची पापणी लालबुंद सुजली, घरच्यांना वाटलं डास चावला. संध्याकाळी डोळा उघडेना, ताप १०३. ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं, नशिबाने पापणीपुरतंच होतं, डोळ्याच्या मागे गेलं नव्हतं. सायनसमधूनच पसरलं म्हणाले. त्याचा शेंबूड तेव्हा हिरवाही नव्हता.

बालरोग_सोलापूर

अगदी बरोबर. नाक आणि डोळा यांच्यामधलं हाड मुलांत कागदासारखं पातळ असतं. पापणीची सूज, डोळा पुढे आल्यासारखा, दोन-दोन दिसणं, डोळा हलवताना दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, मान आखडणं, मूल झोपेतून नीट जागं न होणं, यात रंग बघत बसायचं नाही, रात्र असली तरी निघायचं.

अनघा_गोवा

काळा शेंबूड आला तर? २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसच्या इतक्या बातम्या वाचल्या की अजून भीती बसलीय.

कानघसा_नाशिक

त्या वर्षी आम्ही महाराष्ट्रात ते फार बघितलं. जवळजवळ सगळे मधुमेहाचे, साखर वाढलेली, बऱ्याच जणांना स्टिरॉइड दिलेलं. काळपट खपली, एका बाजूचा गाल बधिर, टाळूवर काळा डाग, डोळ्याची पापणी पडणं. साखर आटोक्यात नसलेल्या माणसाला यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. धडधाकट माणसाला धुळीतून, चुलीच्या धुरातून आल्यावर नाक काळं येतं ती काजळी असते, एक-दोन दिवसांत जाते.

मुग्धा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी दाखवलं. डॉक्टरांनी कान बघितले, घसा, छाती, सगळं ठीक. अँटिबायोटिक दिलं नाही. सलाइन सुरू आहे, ते फार उपयोगी पडलं, पहिल्या रात्रीपासून झोप बरी. आता पुढचं लिहिते कारण मला परत प्रश्न पडलाय.

सहाव्या-सातव्या दिवशी हिरवं कमी होत गेलं, नवव्या दिवशी फक्त सकाळी थोडं पिवळं. अकराव्या दिवशी पण सकाळी थोडं होतंच, खोकला पहाटे एकदा. आणि आज चौदाव्या दिवशी परत ताप १००.८, शिंका, नाकातून पाणी. वर तिसऱ्या मुद्द्यात लिहिलंय ना बरं होऊन परत बिघडलं तर, हे तेच का?

कानघसा_नाशिक

तुमच्या वर्णनावरून मला नवीन सर्दी वाटते. बॅक्टेरियाने परत बिघडतं तेव्हा घट्ट रंगीत स्राव वाढतो, ताप सहसा जास्त असतो, दिवसाचा खोकला वाढतो. इथे पुन्हा शिंका आणि पाण्यासारखं नाक, म्हणजे नव्या व्हायरसची सुरुवात. बालवाडीतली मुलं वर्षाला सहा-आठ सर्द्या काढतात, त्याही पावसाळा-थंडीत दाटीने, एक संपते न संपते तोच दुसरी. आई म्हणते महिनाभर नाक हिरवं आहे, आणि मी तारखा मागतो तेव्हा मध्ये तीन-चार चांगले दिवस निघतात. पण खात्री कान बघूनच, मुलांत सर्दीच्या मागोमाग कान लागतो, तेव्हा उद्या दाखवाच.

बालरोग_सोलापूर

बहुधा नवीन सर्दी, सहमत. अकराव्या दिवसाबद्दल मात्र मी जरा वेगळा विचार करतो. खोकला आणि नाक दहा दिवसांच्या पुढे गेलं आणि मूल दिवसाही खोकत असेल तर मी पालकांशी बोलून कधी कधी औषध सुरू करतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये दोन्ही पर्याय मोकळे ठेवलेत, औषध द्या किंवा अजून तीन दिवस बघा. माझ्याकडे पेशंट पंचवीस किलोमीटरवरून एसटीने येतात, तीन दिवसांनी परत या म्हणणं सोपं नसतं.

कानघसा_नाशिक

पटतं. मी मात्र उतार दिसत असेल तर थांबतोच, आणि फोन नंबर देतो. यावर आपल्यातही एकमत नाही.

उत्रेख्तकर

फोन नंबर दिला की अर्धं काम होतं डॉक्टर.

मुग्धा_कोथरूड

दाखवलं, कान स्वच्छ आहेत, नवीन सर्दीच म्हणाले. बालवाडीला चिठ्ठी लिहून दिली. ताईंचं म्हणणं हिरव्या नाकाची मुलं बाकीच्यांना देतात म्हणून घरी ठेवा. यात किती तथ्य?

बालरोग_सोलापूर

सर्दी सगळ्यात जास्त पसरते ती पहिल्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे पाणी वाहतं आणि शिंका येतात तेव्हा. हिरवं होईपर्यंत तो जोर कमी होत आलेला असतो. ताप असेल किंवा मूल मलूल असेल तर घरी, एरवी नाक पुसून हात धुऊन पाठवायला हरकत नाही. आणि अँटिबायोटिक सुरू केल्याने व्हायरसचं पसरणं थांबत नाही, त्यामुळे "औषध सुरू करून पाठवा" या अटीने बाकीच्या मुलांना काही मिळत नाही. ताईंना हे शांतपणे सांगा, त्यांनाही पालकांचे फोन येत असतात.

स्वाती_चिंचवड

माझा मुलगा ५ वर्षांचा, सर्दी नसतानाही रात्री घोरतो, तोंड उघडं, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो, आणि नाक कायम भरलेलं. हे पण यातच येतं का की वेगळा धागा काढू?

कानघसा_नाशिक

वेगळा काढा, तो ॲडेनॉइडचा, म्हणजे नाकाच्या मागे वाढलेल्या गाठीचा विषय असू शकतो. काढताना झोपेतला एक मिनिटाचा व्हिडिओ करून ठेवा, छाती आणि तोंड दोन्ही दिसतील असा, दाखवायला जाल तेव्हा तिथल्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.